पाच-आठ संदर्भांत संशोधन-साहित्याचा आढावा

‘टीवायबीएला आहे, भूगोल. प्रकल्पाचा विषय जळगाव जिल्ह्यातली केळी आणि ठिबक. सरांनी पाच ते आठ संदर्भांतच आढावा मागितलाय. नियोजन कसं करू?’

आधी विषय छाटा. ‘केळी आणि ठिबक’ यावर ढीगभर लेख मिळतील, पण त्यांतले कुठलेही आठ उचलले तर त्यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. अभ्यासकांचं एकमत नाही असा एकच प्रश्न धरा. तुमच्या विषयात तो तयारच आहे: ठिबकने पाणी खरंच वाचतं का?

ए. नारायणमूर्तींनी १९९०च्या दशकात जळगावच्या केळीचा अभ्यास केला. पाटपाण्यापेक्षा ठिबकवर पाणी कमी लागतं आणि उत्पादन वाढतं, असं त्यात दिसतं. उलट २०१८ मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखात ग्राफ्टन आणि सहकारी म्हणतात की शेतात वाचलेलं पाणी खोऱ्यात उरेलच असं नाही. पाटपाण्यातलं जे पाणी जमिनीत मुरून पुन्हा विहिरींना मिळायचं, ते ठिबकमुळे कमी होतं. शिवाय वाचलेल्या पाण्यावर बागायत वाढते. रावेर-यावलकडे ज्याची शेती आहे त्याला हे लगेच कळेल.

आता संदर्भांची वाटणी करा. बागेच्या पातळीवरचे तीन, खोऱ्याच्या पातळीवरचे दोन आणि तुमच्या तालुक्यांच्या भूजलाची स्थिती सांगणारा केंद्रीय भूजल मंडळाचा एखादा अहवाल. एक-दोन जागा रिकाम्या ठेवा, कारण वाचताना हमखास एखादा चांगला लेख सापडतो. गूगल स्कॉलरवर जुन्या लेखाखालच्या `Cited by` वर गेलात की नंतरचे लेख दिसतात. शोधगंगेवरच्या प्रबंधातून संदर्भांची नावं घ्या, पण तिथला सारांश उचलू नका. मूळ लेख उघडून वाचा.

वाचताना एक तक्ता भरत जा: कुठे, कधी, कोणत्या पातळीवर, पाणी कसं मोजलं, निष्कर्ष काय. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. नारायणमूर्तींनी पाणी अश्वशक्ती-तासांत, म्हणजे पंप किती चालला यावरून धरलं. खोऱ्याचा हिशेब मांडणारे मात्र बाष्प होऊन कायमचं गेलेलं पाणी मोजतात. म्हणजे दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. हेच तुमच्या आढाव्याचं मुख्य म्हणणं होईल.

लिहिताना परिच्छेद लेखकाप्रमाणे नव्हे, मुद्द्याप्रमाणे पाडा. प्रत्येक परिच्छेद ‘अमुक यांनी म्हटले आहे’ने सुरू होत असेल आणि त्यांचा क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर ती नुसती यादी झाली असं समजा.

शेवटी उणीव दाखवाल तेव्हा ‘यावर संशोधन झालेले नाही’ असं लिहू नका. सात-आठ लेख वाचून तो दावा करता येत नाही. ‘पाहिलेल्या अभ्यासांत बागेचं आणि भूजलाचं मोजमाप एकत्र आढळलं नाही’ एवढंच लिहा, तेही तक्त्यात तसं दिसलं तरच.