टी-२० सामन्याच्या दिवशी स्नॅक ब्रँडची पोस्ट नेमकी कधी टाकावी?

प्रश्न: आमचा पाकीटबंद खाऊचा छोटा ब्रँड आहे. आयपीएलमध्ये प्रत्येक सामन्याला चार-पाच पोस्ट टाकतो, बहुतेक सामना चालू असताना. लाइक येतात, पण ऑर्डर हलत नाहीत. वेळ चुकतेय का?

उत्तर:

हो, वेळच चुकतेय. पहिला चेंडू पडतो तेव्हा खायचं काय ते घरात आलेलं असतं. त्यामुळे विकणारी पोस्ट सामन्याआधीची. सामना सुरू झाल्यावरच्या पोस्टने नाव लक्षात राहतं, त्या रात्री विक्री फारशी होत नाही. ही दोन कामं एकाच पोस्टकडून करून घेऊ नका.

साडेसातचा सामना धरू. नाणेफेक सातला. विकणारी पोस्ट साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान जायला हवी, कारण लोक कामावरून निघताना आणि वाटेत दुकानात थांबताना ती डोळ्यासमोर हवी. तुमचा माल घरपोच जात असेल तर पोहोचायला लागणारा वेळ सातमधून वजा करा. दोन तास लागत असतील तर पाचनंतर ‘आजच्या सामन्यासाठी मागवा’ म्हणणं म्हणजे तक्रारी ओढवून घेणं. या पोस्टमध्ये क्रिकेटचा विनोद नको. पाकीट, किती जणांना पुरेल आणि कुठे मिळेल, एवढंच. साडेतीनचा सामना असेल तर हीच पोस्ट सकाळी अकराच्या आसपास न्या.

पैसे लावून ती जास्त लोकांपर्यंत पोहोचवणार असाल तर जाहिरात आदल्या दिवशीच सबमिट करा. मेटाची तपासणी बहुतेक वेळा 24 तासांत होते, पण दुपारी तीनला टाकलेली जाहिरात रात्री नऊला मंजूर झाली तर पैसे फुकट. ठरावीक तासांतच दाखवायची असेल तर लाइफटाइम बजेट घेऊन वेळापत्रक लावा.

नाणेफेकीनंतर अकरा खेळाडू जाहीर होतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन असतो. सात ते सव्वासातमध्ये एक स्टोरी, पोल लावून: पहिल्या सहा षटकांत किती धावा? मग गप्प बसा. पॉवरप्लेत तुमच्याकडे कोणी बघत नाही. स्ट्रॅटेजिक टाइमआउट अडीच मिनिटांचा असतो. त्यात टीव्हीवरची जाहिरात मावते, तुमची पोस्ट लोकांच्या फीडमध्ये पोहोचेपर्यंत खेळ पुन्हा सुरू झालेला असतो.

खरी जागा म्हणजे डावांमधला ब्रेक, साधारण वीस मिनिटांचा. पोस्ट पहिल्या तीन-चार मिनिटांत गेली पाहिजे, म्हणजे ती दुपारीच तयार आणि मंजूर झालेली हवी. तीन मजकूर ठेवा. धावा 190 च्या पुढे गेल्या तर ‘पाठलाग लांबचा आहे, मोठं पाकीट काढा’. 140 च्या आत आटोपलं तर ‘पाकीट संपायच्या आत सामना संपेल बहुतेक’. मधल्या धावसंख्येसाठी एक साधा, कोणत्याही आकड्याला चालेल असा. चित्र एकच, लक्ष्याच्या आकड्याची जागा मोकळी. ऐनवेळी मालकांना फोन करून ‘हे चालेल का?’ विचारत बसलात की ब्रेक संपला.

ही पोस्ट घड्याळावर लावू नका, इथेच बहुतेकांचं बिघडतं. पहिला डाव सव्वानऊच्या आसपास संपतो खरा, पण संघ सतराव्या षटकात बाद होऊ शकतो, षटकं रेंगाळू शकतात, पाऊस येऊ शकतो. मैदानावर खेळाडू जखमी होऊन पडलाय आणि तुमची कुरकुरीत विनोदाची पोस्ट आपोआप उमटली, तर खाली काय येईल ते सांगायला नको. शेड्यूल फक्त संध्याकाळची विक्रीची पोस्ट करा. बाकीचं बटण सामना बघणाऱ्या माणसाच्या हातात. पाऊस पडला तर ब्रेकची पोस्ट राखून ठेवा. खेळ थांबलाय तोवर लोक फोनवरच असतात, साधा पोल चालतो, पण सामना रद्द झाला की त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा.

अजून एक: मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीपेक्षा मागे असतं, कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त. विकेट पडताच पोस्ट केलीत तर काहींचा सामना तुम्हीच फोडलात. निदान एक मिनिट थांबा.

स्पर्धेचं नाव-चिन्ह, संघांचे लोगो, खेळाडूंचे फोटो आणि प्रक्षेपणातल्या क्लिप परवानगीशिवाय वापरू नका. ‘आजचा सामना’ एवढं पुरतं. बक्षीस म्हणून सामन्याचं तिकीट देणंही टाळा, तिकिटाच्या अटींमध्ये अशा वापराला सहसा मनाई असते.

लाइक मोजणं सोडा. सामन्याच्या मंगळवारी चार ते साडेसातमध्ये आलेल्या ऑर्डर सामना नसलेल्या मंगळवारच्या त्याच वेळेशी ताडून पाहा. वार बदलला तर तुलना फसते, शनिवारी तशीही विक्री जास्त असते. चार-पाच सामने असेच बघा. फरक दिसला नाही तर आधी संध्याकाळच्या पोस्टची वेळ एक तास अलीकडे आणा, मजकुराला हात नंतर लावा. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.