सत्तरी ओलांडलेला माणूस ‘बोनस’वर नसतो

प्रश्न: भारताचं मध्यक वय २८-२९ आहे म्हणतात आणि सरासरी आयुर्मान सत्तरच्या पुढे. मग आपला देश तरुण समजायचा की म्हातारा होत चाललेला? दोन्हीतला कोणता आकडा धरायचा?

ज्याला जे विचारायचंय त्याप्रमाणे धरायचा. पण हे दोन्ही आकडे एका दमात कसे चुकीचे वापरतात, ते मी आमच्याच घरात पाहिलंय.

अण्णांचं वय तेव्हा ७२. नौपाड्यातल्या घराचा एक जिना उतरायचा म्हटलं तरी कठड्याला धरून, मध्ये थांबत. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगितले. दादा वाशीहून आला आणि अण्णांसमोरच म्हणाला, “देशाचं आयुर्मान सत्तर. अण्णा बोनसवर आहेत. आणि निम्मा देश तिशीच्या आतला आहे, पैसा पोरांवर लावायचा की गुडघ्यांवर?” अण्णा काही बोलले नाहीत, पेपर उलगडून बसले. माझी नोकरी विमा कंपनीत, पेन्शन योजनांचे दर काढायची. दादा पडला इंजिनिअर, त्यामुळे आकडे आपल्यालाच कळतात ही त्याची समजूत.

मी वहीवर मांडून दाखवलं. दहा बाळं जन्मली. दोन पहिल्याच वर्षात गेली, उरलेली आठ ऐंशीपर्यंत जगली. आठ गुणिले ऐंशी ६४०, भागिले दहा, सरासरी ६४. आता या दहांत चौसष्टाव्या वर्षी कोण मेलं? कुणीच नाही. यातला जो सत्तरीला पोचलाय तो सरासरीच्या पुढे सहा वर्षं फुकटची जगत नाहीये, त्याची अजून दहा शिल्लक आहेत. जन्मवेळच्या आयुर्मानात लहानपणी गेलेल्यांचा सगळा भार असतो, आणि अण्णा त्या चाळणीतून कधीच पार झालेत. म्हणून लाइफ टेबलमध्ये प्रत्येक वयापुढे ‘इथून सरासरी किती वर्षं’ असा वेगळा रकाना असतो. भारतात साठीला पोचलेल्याची त्यात साधारण अठरा वर्षं निघतात, सत्तरीवाल्याचीही दहाच्या वर. सत्तर वर्षांच्या माणसाची पेन्शन आम्ही ‘सत्तर वजा सत्तर’ अशी काढली असती, तर कंपनी बुडाली असती.

यावर दादा म्हणाला, “बरं, पण देश तरुण आहे हे तर खरं?” खरं आहे, पण ते वेगळ्या कारणानं. मध्यक वय म्हणजे आज जिवंत असलेल्यांना वयाप्रमाणे उभं केलं की बरोब्बर मधे कोण येतो ते. माणसं किती जगतात यापेक्षा मागच्या काही दशकांत मुलं किती झाली यावर ते जास्त हलतं. गंमत म्हणजे वहीतली ती दोन बाळं वाचवा: आयुर्मान ६४ चं ८० होतं, पण ओळीच्या धाकट्या टोकाला दोन पोरं वाढल्यामुळे मध्यक वय खाली येतं. आपल्याकडे १९५० ते १९७० मध्ये असंच झालं. लोक जास्त जगू लागले आणि देश आणखी तरुण झाला. मध्यक वय चढायला लागलं ते पुढे, घरटी मुलं कमी झाली तेव्हा.

इस्रायल बघा. मध्यक वय तिशीच्या आसपास, म्हणजे जवळपास आपल्याइतकंच. आयुर्मान मात्र ऐंशीच्या वर, आपल्यापेक्षा दहाएक वर्षांनी जास्त. तिथे बाईमागे सरासरी तीनच्या आसपास मुलं होतात, म्हणून इतकं जगूनही देश तरुण राहतो. बल्गेरियात उलटं: मध्यक वय पंचेचाळिशीच्या आसपास, आयुर्मान पंचाहत्तरच्या आसपास. मुलं कमी आणि तरुण नोकरीसाठी परदेशी गेलेले. तेव्हा शाळा किती लागतील, कामाला हात किती मिळतील, हे विचारायचं असेल तर मध्यक वय बघा. लोक किती सुरक्षित जगतात हे विचारायचं असेल तर आयुर्मान बघा. घरातला म्हातारा किती जगेल, यासाठी दोन्ही बघू नका.

एक सांगायचं राहिलं. आयुर्मान हे भाकीत नसतं, त्या वर्षीच्या मृत्युदरांचा तो हिशेब असतो. २०२१ मध्ये कोविडमुळे भारताचा आकडा एकदम दोन वर्षांहून जास्त घसरला आणि नंतर सावरलाही, मध्यक वयाला त्याचा फारसा पत्ताही लागला नाही. आणि मी सांगितलेली दहा वर्षंही सरासरीच आहेत. सत्तरीच्या ज्याला साखर आणि हृदयाचा त्रास आहे त्याला ती तशीच्या तशी लागू होत नाहीत. गुडघ्याचा निर्णय ते तपासूनच घ्यायचा असतो आणि अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी तो तसाच घेतला होता. दादाला वेगळा सल्ला हवा असेल तर त्याने दुसरा डॉक्टर आणावा, देशाची सरासरी आणू नये. ऑपरेशनचा अर्धा खर्च अजून त्याच्याकडून यायचाय, हेही जाता जाता.