डार्क मोड रात्री लावून बॅटरी का वाचत नाही

प्रश्न: ओएलईडी स्क्रीनचा फोन आहे. डार्क मोड सूर्यास्त ते सूर्योदय असा लावलाय, ऑलवेज ऑन डिस्प्ले चोवीस तास चालू असतो. बॅटरीत काडीचा फरक नाही. शेड्यूल कसं लावू?

तुमचं शेड्यूल डोळ्यांसाठी ठीक आहे पण बॅटरीसाठी नेमकं उलटं आहे. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, काळा असला की बंद, त्यामुळे पांढऱ्याऐवजी काळं दाखवून किती वाचणार हे ब्राइटनेस किती आहे त्यावर ठरतं. पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये हे मोजलं होतं, ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना लाइटवरून डार्कवर गेल्यावर बचत सरासरी फक्त 3 ते 9 टक्के, आणि फुल ब्राइटनेसला 39 ते 47. आता रात्री घरात ऑटो ब्राइटनेस फोनला आधीच मंद करून ठेवतो, मग तिथे वाचण्यासारखं उरतंच काय? खरी बचत दुपारी बाहेर, स्क्रीन पेटलेली असताना, आणि तेव्हाच तुमचा लाइट मोड चालू!

म्हणून शेड्यूल काढून डार्क कायम ठेवा. रात्री पांढऱ्यावर वाचायची सवय असेल तर कस्टम वेळ सकाळी 7 ते रात्री 9 अशी उलटी द्या, काही बिघडत नाही. एक मात्र आहे, कडक उन्हात काळ्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि आपण ब्राइटनेस अजून वर ढकलतो, अशा वेळी सरळ लाइट करा. आणि फोटो, व्हिडिओला डार्क मोडने काहीच होत नाही, तुम्ही दिवसभर तेच बघत असाल तर फार आशा ठेवू नका.

ऑलवेज ऑनचं गणित वेगळं. बऱ्याच फोनवर तो तासाला साधारण अर्धा ते एक टक्का खातो, म्हणजे तुम्ही 8 तास झोपलात तर 4 ते 8 टक्के कुणीही न बघता गेले. सॅमसंग असेल तर Always On Display मध्ये As scheduled निवडून सकाळी 7 ते रात्री 11 द्या, नाहीतर Tap to show, मी तेच वापरतो. मागे वॉलपेपर दाखवायचा ऑप्शन असेल तर तो आधी बंद करा, नुसतं घड्याळ म्हणजे मोजकेच पिक्सेल पेटणार. खिशात किंवा पालथा असताना बहुतेक फोन तो आपोआप बंदच करतात, दिवसाचा खर्च वाटतो तेवढा नसतो.

तुमच्या फोनवर नक्की किती जातं ते बघायचं तर एका रात्री एअरप्लेन मोड, ऑलवेज ऑन चालू, फोन चार्जरशिवाय उताणा ठेवा, पालथा ठेवलात तर टेस्टच फुकट. दुसऱ्या रात्री तसंच पण ऑलवेज ऑन बंद. दोन्ही वेळा झोपताना आणि सकाळी टक्के लिहा, कुठल्या रात्री किती गेले ते काढा आणि त्या दोन आकड्यांची वजाबाकी करा. फरक 2 टक्क्यांच्या आत आला तर बॅटरी दुसरंच काहीतरी खातंय, मग बॅटरी युसेजमधली अ‍ॅपची यादी इथे टाका, बघू.