दोन टक्के निअँडरटाल, आणि 'संकर' का नको

प्रश्न : "बातम्यांत सारखं वाचतो की आपल्यात दोन टक्के निअँडरथल जनुकं आहेत. पण चिंपांझीशीच आपलं ९९ टक्के जुळतं म्हणतात, मग हे दोन टक्के कुठले? आणि इंट्रोग्रेशनला मराठीत नुसतं 'संकर' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. पण आधी त्या दोन टक्क्यांचा निकाल लावू, कारण ते वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. चिंपांझीचे ९९ टक्के हे साम्याचं माप आहे : डीएनएचे दोन मजकूर शेजारी ठेवले तर किती अक्षरं जुळतात. निअँडरटालचे दोन टक्के हे वंशावळीचं माप आहे : मजकुराचा किती भाग कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला. साम्यच मोजायचं तर निअँडरटाल आणि आपण यांच्यात हजारी एक-दोन अक्षरांचाच फरक निघतो. आफ्रिकेबाहेरच्या माणसाच्या तीन अब्ज अक्षरांपैकी सहा कोटींच्या आसपास अक्षरं निअँडरटालांकडून आलेली असतात, आणि त्यांतलीही बहुतेक इतर कोणाच्याही अक्षरांसारखीच असतात. 'दोन टक्के जनुकं' हा शब्दप्रयोग तर साफच टाकाऊ. वारशात येतात ते गुणसूत्राचे तुकडे. त्यात जनुक असेल, नसेल.

आता 'निअँडरथल'. हा 'थल' म्हणजे आपलं 'स्थल' असं ठासून सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांनी निदान जर्मन कोश उघडायचा होता. 'टाल' म्हणजे दरी. पूर्वी ते 'थ' लावून लिहीत, तरी उच्चार 'ट'च होता. १९०१च्या सुधारणेत जर्मनांनी तो 'थ' लेखनातूनही काढला. शास्त्रीय नाव मात्र १८६४चं, म्हणून त्यात तो अडकून राहिला. खरी गंमत पुढेच आहे. ड्युसेलडोर्फजवळच्या या दरीला योआखिम नेआंडर या सतराव्या शतकातल्या स्तोत्रकाराचं नाव आहे. त्याच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे 'नवा माणूस'. आजोबांनी त्या काळच्या विद्वानांच्या हौसेप्रमाणे त्याचं ग्रीक केलं : नेओस अधिक आनेर, आन्द्रोस. नेओस म्हणजे आपलं 'नव', आनेर म्हणजे आपलं 'नर'. दोन्ही शब्द संस्कृतचे सख्खे भाऊबंद आहेत. तर १८५६ साली माणसाची ती जुनीपुराणी हाडं सापडली कुठे, तर चक्क 'नवनरा'च्या दरीत! एवढं ठाऊक असूनही लोक 'स्थल' म्हणतात याचं मला वाईट वाटतं.

असो. संकर.

संकर हा एका पिढीचा प्रसंग आहे : दोन वेगळ्या गटांतल्या आईबापांचं मूल. इंट्रोग्रेशन म्हणजे त्यानंतर जे घडतं ते. ही कल्पना रूढ केली एडगर अँडरसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने, १९३८च्या सुमारास. संकरित रोप पुन्हापुन्हा एकाच मूळ जातीशी फळत गेलं, की दर पिढीत परक्याचा वाटा निम्मा होत जातो आणि शेवटी यजमान जातीत परक्याचे सुटे तुकडे तेवढे उरतात. त्याने लॅटिनमधून 'आत पाऊल टाकणं' असा शब्द घेतला, म्हणून काही जण मराठीत 'अंतःक्रमण' सुचवतात. व्युत्पत्ती बरोबर, शब्द निर्जीव. माझं मत 'प्रक्षेप' या शब्दाला आहे. जुन्या पोथीत दुसऱ्या परंपरेतल्या ओव्या घुसतात, पुढचे लेखनिक त्या इमानेइतबारे उतरवत राहतात, आणि पाठचिकित्सा करणारा त्या पाठभेदांवरून हुडकतो. इथेही हुबेहूब तेच घडतं. 'प्रक्षेप म्हणजे भूमितीतलं प्रोजेक्शन' असा आक्षेप येईल. येऊ द्या, संदर्भावरून अर्थ लावता येत नसेल तर भाषा कशाला शिकलो?

पाठचिकित्सेचा आधार घेण्याचं कारण नुसती हौस नाही. प्रक्षेप हुडकण्याची रीत खरोखर तशीच आहे. एखादं अक्षर आपल्यात आणि निअँडरटालमध्ये सारखं आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण दोघांनीही ते साडेपाच लाख वर्षांपूर्वीच्या समाईक पूर्वजाकडून, मूळ पोथीतून, घेतलेलं असू शकतं. म्हणून आधी आफ्रिकेतल्या लोकांचे जीनोम, म्हणजे डीएनएचे सबंध मजकूर, समोर ठेवतात आणि तिथे न आढळणारी अक्षरं तेवढी वेगळी काढतात. ती एकेकटी विखुरलेली असतील तर दुर्लक्ष करायचं. ओळीने दहा-पंधरा एकत्र, आणि दर वेळी एकमेकांच्या सोबतच वारशात येणारी असतील, तर संशय बळावतो. २०१०मध्ये निअँडरटालचा जीनोम हाती येण्याआधीच केवळ अशा गुच्छांवरून प्राचीन मिसळणीचा अंदाज बांधला गेला होता. आता हाडातला मजकूर आहे, त्यामुळे गुच्छ त्याच्याशी पडताळून पाहता येतो. पण शेवटचा निवाडा तुकड्याच्या लांबीवर होतो.

एक प्रकरण घेऊ. २०२०मध्ये कोविडने गंभीर आजारी पडलेल्यांच्या जीनोमची पाहणी झाली, तेव्हा तिसऱ्या गुणसूत्रावरची एक जागा ठळकपणे पुढे आली. तिथे सुमारे ४९,४०० अक्षरांच्या पट्ट्यात १३ फरक नेहमी जोडीने वावरत होते. ह्युगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो या संशोधकांनी हा पट्टा क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या, सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरटाल स्त्रीच्या जीनोमशी ताडून पाहिला. १३पैकी ११ ठिकाणी तीच अक्षरं, तीही आईबाप दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत! सायबेरियातल्या दोन निअँडरटालांत मात्र त्यांतली तीनच सापडली. म्हणजे देणारे विंदियाच्या जवळच्या शाखेतले होते.

तरीही शंका राहतेच : हा मूळ पोथीतलाच जुना पाठ असेल तर? इथे लांबी कामाला येते. दर पिढीत आईबापांच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते, म्हणजे रिकॉम्बिनेशन, आणि वारशाचे तुकडे कापले जातात. गुणसूत्राच्या या भागात दहा कोटी अक्षरांमागे एका पिढीत साधारण अर्धा छेद पडतो, नेमकं सांगायचं तर ०.५३. पिढी २९ वर्षांची धरू. पाठ समाईक पूर्वजाकडचा असेल तर तो आपल्या शाखेत साडेपाच लाख वर्षं कापला गेला आणि निअँडरटालच्या शाखेत पाच लाख वर्षं. दोन्ही मिळून ३६,००० पिढ्या. गुणाकार केला तर दहा कोटी अक्षरांत १९,००० छेद, म्हणजे अखंड तुकडा सरासरी ५,२०० अक्षरांचा उरायला हवा. ४९,४०० अक्षरं अखंड राहण्याची शक्यता दहा हजारात नऊ. उलट, तुकडा ५०,००० वर्षांपूर्वी आत आला असं मानलं तर १,७०० पिढ्याच होतात आणि अपेक्षित लांबी लाखभर अक्षरांची येते. आपला पट्टा तिथे आरामात बसतो. प्रक्षेप सिद्ध.

ही रीत फसते ती छेदांच्या दराशी. गुणसूत्राचे काही भाग असे असतात की तिथे रिकॉम्बिनेशन जवळपास होतच नाही. तिथे अतिप्राचीन पाठही लांबलचक राहतो आणि प्रक्षेपासारखा दिसतो. म्हणून सबंध जीनोमचा सरासरी दर वापरून निष्कर्ष काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, त्या जागेचाच दर लागतो. रीत मुळात बरोबर असल्याची खातरजमा मात्र वेगळ्या वाटेने झालेली आहे. सायबेरियातल्या उस्त-इशिमला सापडलेल्या ४५,००० वर्षांपूर्वीच्या आधुनिक माणसाच्या मांडीच्या हाडात निअँडरटालचे तुकडे आजच्या माणसांतल्यापेक्षा कितीतरी लांब निघाले. मिसळण होऊन तेव्हा फार पिढ्या लोटल्या नव्हत्या, छेद कमी पडले होते.

आता या तुकड्याने केलं काय? तो वाहणाऱ्याला कोविडने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता साधारण दीडपटीहून थोडी जास्त. वयाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा, हे बातम्यांतून बहुधा गळतं. तुकड्याची वाटणीही चमत्कारिक आहे. दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक प्रत असते, बांगलादेशात ६३ टक्क्यांकडे. युरोपात १६ टक्के, आणि पूर्व आशियात जवळजवळ शून्य. शेजारशेजारच्या प्रदेशांत इतकी तफावत पाहून एका बाजूला कधीतरी त्याचा फायदा झाला असावा असा तर्क केला जातो. झेबर्गने पुढे दाखवलं की हा तुकडा असणाऱ्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी असतो. पण एचआयव्ही माणसात आला विसाव्या शतकात, त्याच्यामुळे तुकडा पसरणं शक्यच नाही. एखादा जुना जंतू कारणीभूत असेल, पण कोणता, याचा पुरावा नाही. निव्वळ योगायोगानेही प्रमाण वरखाली होतं, हे 'निसर्गाने निवडलं' म्हणणारे सोयीस्करपणे विसरतात.

आणि त्या १३ अक्षरांतलं दोषी कोणतं? ती कायम एकत्र प्रवास करतात, त्यामुळे रुग्णांच्या आकडेवारीतून ती वेगळी करता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत पेशींवर काम करावं लागतं. ऑक्सफर्डच्या गटाने २०२१मध्ये पट्ट्याच्या टोकाच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. हे अक्षर कुठल्याही प्रथिनाची घडण बदलत नाही. फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशींत एलझेडटीएफएल-१ नावाच्या जनुकाचं काम वाढवणारी कळ ते दाबतं, असं त्यांचं म्हणणं. जवळच प्रतिकारपेशींशी संबंधित सीसीआर-९ आणि सीएक्ससीआर-६ ही जनुकं आहेत आणि त्यांच्या बाजूने बोलणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. तेव्हा 'निअँडरथलचं कोविड जनुक' असा मथळा पुन्हा दिसला तर खुशाल तीन दुरुस्त्या कळवा : 'थ'चा 'ट' करा, 'जनुक' खोडून 'तुकडा' लिहा, आणि 'कोविड'ही काढा. तो तुकडा कोविडच्या आधी ५०,००० वर्षं इथे आहे.