रोजचा तिकीट अहवाल: ताटकळलेली तिकिटं आकड्यात दिसतात का?

प्रश्न: अहवालात ग्राहकाच्या तक्रारीला, म्हणजे तिकिटाला, गेलेल्या पहिल्या उत्तराची सरासरी वेळ 70 मिनिटं येते. टीम लीड म्हणतात, आमची मुलं अर्ध्या तासात उत्तर देतात. खरं कोणाचं?

दोघांचंही. समजा नऊ तिकिटांना अनुक्रमे 8, 11, 14, 17, 20, 26, 35, 50 आणि 449 मिनिटांनी उत्तर गेलं. बेरीज 630, म्हणून सरासरी 70. पण लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्यावर मधला, म्हणजे पाचवा आकडा आहे 20. नऊपैकी आठ तिकिटांना 50 मिनिटांच्या आत उत्तर मिळालंय. सरासरी फुगली ती एका तिकिटामुळे.

म्हणून अहवालात हा मधला आकडा, म्हणजे मध्यक द्या आणि त्याखाली सगळ्यात उशिरा उत्तर गेलेलं तिकीट नंबरासकट लिहा. साडेसात तास पडून राहिलेलं तिकीट बहुतेक वेळा चुकीच्या गटात गेलेलं असतं, नाहीतर रजेवरच्या माणसाच्या नावावर असतं. नंबर समोर असला की लीड दोन मिनिटांत ते शोधून काढतो. आणखी एक बघा: मध्यक एका मिनिटाच्याही खाली येत असेल, तर 'आपली तक्रार मिळाली' हा आपोआप जाणारा मेलच उत्तर म्हणून मोजला जातोय.

प्रश्न: गुरुवारी मुलांनी जुनी तिकिटं निकाली काढली आणि त्याच दिवशी आमचा आकडा बिघडला. वरिष्ठांना काय सांगू?

आकडा बिघडला कारण तो आधी खोटा चांगला होता, हे सरळ सांगा. उत्तराची वेळ उत्तर गेल्यावरच ठरते. ज्याला अजून उत्तरच गेलेलं नाही, त्याचा रकाना रिकामा असतो आणि रिकामा रकाना हिशोबात येत नाही. सोमवार ते बुधवार तुमच्या टीमने ताजी, सोपी तिकिटं उरकली असतील, तर मध्यक 20 मिनिटं दिसला. दोन दिवस ताटकळलेले बारा ग्राहक त्यात कुठेच नव्हते. गुरुवारी त्यांना उत्तर गेलं आणि प्रत्येकाचे 48 तास एकदम हिशोबात आले. सगळ्यात चांगलं काम झालं त्याच दिवशी अहवालाने टीमला शिक्षा केली. हे मला फार खटकतं, कारण दोन-तीनदा असं झालं की मुलं जुन्या तिकिटांना हात लावायचं सोडतात.

उपाय असा, की दोन गोष्टी एका आकड्यात कोंबायच्या नाहीत. आज आलेल्या तिकिटांपैकी किती जणांना उत्तर गेलं आणि किती वेळात, ही एक ओळ. दुसरी ओळ अजून वाट बघणाऱ्यांची:

```sql
SELECT count(*), min(created_at)
FROM tickets
WHERE first_reply_at IS NULL
  AND status NOT IN ('solved','closed');
```

अहवालात ते असं उतरतं: 'आज 52 आली, 43 जणांना उत्तर गेलं, मध्यक 20 मिनिटं. उत्तराविना 14, सगळ्यात जुनं 51 तासांचं.' लीडने सकाळी आधी दुसरं वाक्य वाचावं. गुरुवारसारख्या दिवशी त्यातला आकडा खाली येतो आणि केलेलं काम दिसतं.

प्रश्न: सोमवारचा बॅकलॉग मी बुधवारी पुन्हा काढला तर वेगळाच येतो. असं का?

कारण तिकिटाचा स्टेटस बदलत राहतो आणि तुम्ही आजचा स्टेटस बघून परवाचं मोजताय. सोमवारी उघडं असलेलं तिकीट मंगळवारी क्लोज झालं, की ते सोमवारच्या मोजणीतूनही गळतं. रोज ठरलेल्या वेळी आकडा काढून वेगळ्या तक्त्यात साठवा आणि नंतर त्याला हात लावू नका.

मग रोकडवहीसारखा ताळा करा. सुरुवातीची शिल्लक 84, नवीन 52, रीओपन 6, क्लोज 47, म्हणजे अखेरची शिल्लक 95. मोजून 91 आली, तर चार तिकिटं दुसऱ्या टीमकडे गेली असतील किंवा एकमेकांत मर्ज झाली असतील. त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. रीओपन तर बहुतेक जण विसरतातच.

प्रश्न: आमची शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. अहवाल मध्यरात्री निघतो. चालेल?

नाही, एकच शिफ्ट दोन दिवसांत चिरली जाते. रात्री पावणेबाराला आलेलं तिकीट आदल्या दिवशी पडतं आणि सव्वाबाराला गेलेलं त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी. दिवस पहाटे साडेपाचला संपवा. यूटीसीची मध्यरात्र नेमकी तीच, त्यामुळे तुमचा डेटा यूटीसीत साठत असेल तर तारीख बदलण्याची खटपटही करावी लागणार नाही. शिफ्ट संपून दोन तास झालेले असतात, शेवटची उत्तरंही त्यात येतात.