फीवाढीच्या सर्क्युलरवर मुख्याध्यापिकांना पत्र कसं लिहावं?

*प्रश्न: मुलगी पुण्यातल्या सीबीएसई शाळेत पाचवीत जाणार आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्क्युलरचा स्क्रीनशॉट आलाय, त्यात फी वाढल्याचं लिहिलंय. मुख्याध्यापिकांना पत्र लिहायचं आहे. काय लिहू?*

स्क्रीनशॉटवर पत्र लिहू नका. आधी शाळेच्या ॲपवरून किंवा ऑफिसातून मूळ सर्क्युलर मिळवा आणि त्यावर जावक क्रमांक, तारीख, सही आहे का ते बघा. ग्रुपवर फिरणारं चित्र बहुतेकदा कापलेलं असतं, आणि 'असं सर्क्युलर आम्ही काढलंच नाही' एवढ्या एका वाक्यात पत्राचा निकाल लागतो.

मग मागच्या वर्षीची पावती शेजारी ठेवून स्वतः बेरीज करा. समजा सर्क्युलरमध्ये 'शिक्षण शुल्कात साडेबारा टक्के वाढ' लिहिलंय, म्हणजे ४८,००० चे ५४,०००. खाली बारीक अक्षरात 'उपक्रम व डिजिटल शुल्क' ४,००० वरून ९,००० झालेलं असतं. एकूण ५२,००० चे ६३,००० झाले. वाढ ११,०००, म्हणजे २१ टक्के. पत्रात हा आकडा टाका, शाळेचा साडेबारा नव्हे.

आता मुद्द्याचं. 'फी फार वाढवली, परवडत नाही' असं लिहिलंत तर 'खर्च वाढलाय' एवढंच उत्तर येईल. वाढ कोणी मंजूर केली, हे विचारा. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा खासगी विनाअनुदानित शाळांना लागू आहे, सीबीएसईवाल्यांनाही. त्यात फी संस्था एकटी ठरवत नाही. पुढचं वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी तिने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवायचा आणि समितीने तीस दिवसांत निर्णय द्यायचा. तुमचं वर्ष एप्रिलला सुरू होत असेल तर प्रस्ताव सप्टेंबरअखेर समितीकडे गेलेला हवा. शिवाय एकदा ठरलेली फी दोन वर्षं तशीच राहते. मागची वाढ गेल्याच वर्षी झाली असेल, तर तो स्वतंत्र मुद्दा.

'पंधरा टक्क्यांपर्यंत कायद्याने चालतं' हे ग्रुपवर कोणीतरी म्हणेलच. तसं नाही. संस्थेने मागितलेली फी आणि समितीने ठरवलेली फी यांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर संस्था विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. त्या कलमातला पंधराचा आकडा इथला आहे. तेवढी वाढ समितीला न विचारता करायची सूट कुठेच नाही.

मी एक वर्ष अशा समितीवर होतो. चिठ्ठी टाकून निवड झाली होती आमची. स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी चहा-समोशाची बैठक झाली, हजेरीपटावर सह्या केल्या, आणि पुढे त्याच सह्या 'पालकांची संमती' म्हणून दाखवल्या गेल्या. म्हणून 'मंजुरी होती का' असं विचारू नका, 'होती' असं उत्तर येतं. इतिवृत्त मागा. पत्र असं चालेल:

> मा. मुख्याध्यापिका यांस,
>
> विषय: दि. … च्या परिपत्रकातील (जा. क्र. …) शुल्कवाढीबाबत माहिती मिळणेबाबत.
>
> महोदया, माझी मुलगी (नाव, इयत्ता, तुकडी) आपल्या शाळेत शिकते. सदर परिपत्रकानुसार तिचे वार्षिक शुल्क ५२,००० रुपयांवरून ६३,००० रुपये होत आहे. यापैकी ५,००० रुपयांची वाढ केवळ उपक्रम व डिजिटल शुल्कात आहे.
>
> कृपया पुढील माहिती लेखी द्यावी: शुल्कवाढीचा प्रस्ताव कार्यकारी समितीपुढे कोणत्या तारखेस ठेवला, मंजुरीच्या बैठकीचे इतिवृत्त व ठरावाची प्रत, सध्याच्या समितीच्या सदस्यांची यादी, यापूर्वीची शुल्कवाढ कोणत्या वर्षी झाली, आणि उपक्रम व डिजिटल शुल्कात कोणत्या सेवा येतात.
>
> उत्तर पंधरा दिवसांत मिळावे, ही विनंती. सोबत: परिपत्रक व मागील पावतीची छायाप्रत.
>
> आपली विश्वासू, …

पंधरा दिवस ही मुदत आपली, कायद्यातली नाही. 'लूट', 'धंदा' असले शब्द कितीही ओठावर आले तरी गाळा. मुख्याध्यापिका त्या समितीच्या पदसिद्ध अध्यक्ष असतात, त्यामुळे हे कागद त्यांच्याच कपाटात असणार. भांडण संस्थाचालकांशी आहे, बाईंशी नाही.

पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. क्लार्क शिक्का द्यायला का-कू करायला लागला तर वाद न घालता स्पीडपोस्टने पाठवा, आणि तीच पीडीएफ शाळेच्या ईमेलवर.

एकटीच्या पत्राने माहिती मिळेल, फी कमी होईलच असं नाही. समितीने मंजूर केलेल्या फीविरुद्ध पालकांना विभागीय समितीकडे जायचं तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस टक्के पालक सोबत लागतात. चाळीसच्या वर्गात दहा सह्या सहज होतील, पण अख्ख्या शाळेचा हिशोब लावला तर तो आकडा मोठा होतो. म्हणून इतिवृत्त हाती आलं की आधी त्यातल्या पालक सदस्यांना फोन करा. त्या बैठकीत फीचा विषय निघाला होता का, हे त्यांच्याइतकं नीट कोणीच सांगणार नाही.