कोलोसियममधले ‘व्हॉमिटोरियम’

प्रश्न : ‘व्हॉमिटोरियम’ म्हणजे मेजवानीत रोमन लोक ओकायला जात ती खोली, असे वाचले होते. मग कोलोसियमच्या वर्णनात हा शब्द कसा?

ओकण्याची खोली हा अर्थ अलीकडच्या काळातला गैरसमज आहे. पाचव्या शतकातील लेखक माक्रोबियस याने हा शब्द प्रेक्षागृहातील अशा वाटांसाठी वापरला आहे, ज्यांतून माणसे आसनांकडे लोंढ्याने बाहेर पडतात. मुळातले लॅटिन क्रियापद ओकण्याचेच आहे, पण ज्वालामुखी लाव्हा ओकतो असे आपण म्हणतो, त्याच अर्थाने.

रोममधील कोलोसियमचे उद्घाटन इ.स. ८० मध्ये झाले. तळमजल्यावर ये-जा करण्यासाठी ८० कमानी होत्या. त्यांपैकी इमारतीच्या लांबी-रुंदीच्या अक्षांवरच्या चार कमानी बड्यांसाठी किंवा समारंभासाठी राखीव होत्या आणि उरलेल्या ७६ कमानींवर रोमन अंकांत क्रमांक कोरलेले होते. २३ ते ५४ हे क्रमांक आजही वाचता येतात (५४ मधला चार तिथे चार उभ्या रेघांनी लिहिला आहे, पाचातून एक वजा करून नव्हे). प्रेक्षक ५०,००० धरले, तर एका कमानीच्या वाट्याला सुमारे ६६० माणसे येतात. गर्दी झटपट पांगण्याचे खरे कारण या भागाकारात आहे. लंबवर्तुळाकार ओवऱ्या आणि जिने असे रचले होते की पुढच्या ओळीतले सिनेटर आणि वरच्या टोकाला बसणारे गरीब लोक यांच्या वाटा सहसा एकमेकींत मिसळत नसत. दर्जाची ही कडक विभागणी गर्दीच्या पथ्यावर पडली, असे मला वाटते.

रिंगणाखालच्या भागाला ‘हायपोजियम’ म्हणतात. तो उद्घाटनाच्या वेळी नव्हता. सम्राट डोमिशियनच्या काळात तो बांधला गेला. तिथल्या अरुंद बोळांत जनावरांचे पिंजरे उभ्या रहाटाच्या दोरांनी वर चढवले जात. रहाटाचे दांडे धरून माणसे घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत. दोर गुंडाळला जाई आणि पिंजरा वर सरके. तो रिंगणाच्या लाकडी तक्तपोशीखाली पोहोचला की वरचे झडपदार दार उघडले जाई आणि जनावर वाळूवर येई. रहाटाचे खांब ज्यांत फिरत त्या खोबणी जमिनीत आणि पिंजऱ्यांच्या यंत्रणेच्या खाचा भिंतींत आजही दिसतात. लाकूड कधीच कुजून गेले. या खुणांच्या आधारेच जर्मन अभ्यासक हाइन्झ-युर्गन बेस्टे यांनी यंत्रणेची मांडणी उलगडली. २०१५ मध्ये तिथे लाकडाची अशी एक लिफ्ट पुन्हा उभारली गेली आणि तिच्यातून एक लांडगा रिंगणात सोडून पाहण्यात आला.

प्राण्यांसाठीच्या या मार्गाला मात्र ‘व्हॉमिटोरियम’ म्हणू नये. तो शब्द प्रेक्षकांच्या वाटांपुरताच आहे.